स्वल्पविरामाने ‘जात’ गाळली तेव्हा

आमच्या लोणी-धामणीच्या कोरडवाहू पट्ट्यातील मुले-मुली स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसतात, तेव्हा त्यांच्याजवळ वह्यांची कमतरता नसते. वर्गात सांगितलेले, पुस्तकातून उतरवलेले, मैत्रिणीच्या वहीतून घेतलेले असे सारे लिहिलेले असते. कमतरता असते ती त्या वह्या पुन्हा उघडायला लागणाऱ्या वेळेची. माझ्या पुतणीचेच पाहा. सकाळी जनावरांचे आवरून ती मंचरच्या वर्गाला जाते आणि संध्याकाळी परत आल्यावर चुलीपाशी बसते. तिच्या हाती मोकळा वेळ येतो तो एसटीतला आणि रात्रीचा अर्धा तास. एकट्या राज्यघटनेच्याच तिच्या चार वह्या. एके दिवशी तिने विचारले, “काका, वहीतले हे सगळे मोबाइलमध्ये प्रश्न-उत्तर म्हणून घालता येईल का?”

येते. त्यासाठी अँकी नावाचे एक ऍप आहे. ते २००६ पासून उपलब्ध आहे. संगणकावर आणि अँड्रॉइड मोबाइलवर ते विनामूल्य मिळते. आयफोनवर मात्र विकत घ्यावे लागते. ऍप एक प्रश्न दाखवते. आपण मनात उत्तर द्यायचे, मग कार्ड उलटून पाहायचे. चुकले तर `Again` दाबायचे, म्हणजे ते कार्ड थोड्याच वेळात पुन्हा पुढे येते. आठवले तर `Good` दाबायचे. मग तेच कार्ड काही दिवसांनी येते, पुढच्या वेळी त्याहून अधिक दिवसांनी. जे पक्के झाले त्यावर वेळ जात नाही आणि जे कच्चे आहे ते सुटत नाही.

शेकडो कार्डे ऍपमध्ये एकेक करून भरत बसणे मात्र जिकिरीचे. म्हणून ती एका फाइलमध्ये लिहून एकदम आत घ्यायची. या फाइलला सीएसव्ही म्हणतात. मी कारकून माणूस, म्हणून पुतणीला कचेरीतल्या नोंदवहीचे उदाहरण दिले. नोंदवहीत एका ओळीवर एक नोंद असते आणि रकाने वेगळे करायला उभी रेघ आखलेली असते. सीएसव्हीमध्येही एका ओळीवर एक नोंद, पण उभ्या रेघेच्या जागी स्वल्पविराम. आपल्याला दोनच रकाने हवेत. पहिल्यात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर.

पुतणीने त्याच रात्री मोबाइलवर साध्या मजकुराची फाइल करून पाहिली. तिच्या पहिल्या ओळी अशा होत्या:

```
अनुच्छेद 14 काय देते?,कायद्यापुढे समानता
अनुच्छेद 15 भेदभावाला कोणत्या कारणांवरून मनाई करते?,धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान
अनुच्छेद 17 ने काय नष्ट केले?,अस्पृश्यता
```

फाइल ऍपमध्ये गेली, कार्डे तयार झाली. दोन दिवसांनी ती मला म्हणाली, “काका, पंधराव्या अनुच्छेदाचे उत्तर नुसते ‘धर्म’ असे येतेय.” कारण उघड होते. उत्तरात चार स्वल्पविराम आहेत आणि ऍपच्या लेखी प्रत्येक स्वल्पविराम ही रकान्याची रेघ आहे. त्या एका ओळीचे सहा रकाने झाले. ऍपने पहिला रकाना प्रश्न म्हणून घेतला, दुसरा उत्तर म्हणून घेतला आणि उरलेले चार सोडून दिले. वंश गेला, जात गेली, लिंग गेले, जन्मस्थान गेले. ज्या अनुच्छेदाच्या बळावर आपली माणसे विहिरीवर, हॉटेलात, दुकानात हक्काने उभी राहतात, त्याच्या उत्तरातून ‘जात’ हाच शब्द गळून पडला. आणि कार्ड तरी पुरे दिसत होते! एखादी मुलगी महिनाभर ‘पंधरा म्हणजे धर्म’ असेच घोकत राहिली असती.

याला उपाय सोपा आहे. ज्या उत्तरात स्वल्पविराम आहे ते सबंध उत्तर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचे:

```
अनुच्छेद 15 भेदभावाला कोणत्या कारणांवरून मनाई करते?,"धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान"
```

अवतरणात आले की आतले स्वल्पविराम साधे विरामचिन्ह राहतात. यात दोन गोष्टी सांभाळायच्या. अवतरणचिन्ह सरळ हवे. छापील मजकुरात असते तसे वळणदार चालत नाही. आणि रकान्याचा स्वल्पविराम व अवतरणचिन्ह यांच्यामध्ये मोकळी जागा सोडायची नाही.

त्याहून बरी रीत म्हणजे हाताने स्वल्पविराम घालायचेच नाहीत. गूगल शीट्समध्ये `A` रकान्यात प्रश्न आणि `B` रकान्यात उत्तर लिहायचे. संगणकावर `File`, मग `Download`, मग `Comma Separated Values (.csv)` निवडले की लागतील तेथे अवतरणचिन्हे आपोआप पडतात. वर ‘प्रश्न’ आणि ‘उत्तर’ असे मथळे मात्र द्यायचे नाहीत, नाहीतर त्यांचेही एक कार्ड तयार होते.

एक्सेलवर काम करणाऱ्यांनी आणखी दोन ठिकाणी जपायला हवे. पहिले ठिकाण फाइल जतन करण्याचे. नुसते `CSV (Comma delimited)` निवडले तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उमटतात, आणि त्या फाइलमधून मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. मूळ तक्त्यावरून नवी फाइल काढावी लागते. निवडायचे ते `CSV UTF-8 (Comma delimited)`. पण कधीकधी चांगली फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर `à¤` यासारखी विचित्र चिन्हे दिसतात. तेथे घाबरायचे कारण नाही. फाइल शाबूत असते, वाचणारा चुकीच्या लिपीने वाचत असतो. ती तशीच जतन न करता बंद करावी आणि सरळ अँकीत घ्यावी. थोडक्यात, प्रश्नचिन्हे दिसली तर मजकूर गेला. विचित्र चिन्हे दिसली तर मजकूर आहे.

दुसरे ठिकाण आकड्यांचे. मूलभूत हक्क अनुच्छेद १२ ते ३५ मध्ये आहेत. पुतणीच्या मैत्रिणीने उत्तराच्या चौकटीत `12-35` एवढेच लिहिले, तर एक्सेलने ती तारीख समजून `Dec-35` करून टाकले. नागरिकत्वाच्या `5-11` चे `05-Nov` झाले. यावर आम्ही नियमच केला की आकड्यांच्या मध्ये आडवी रेघ द्यायची नाही, ‘12 ते 35’ असे लिहायचे. मग ती तारीख होत नाही.

फाइल तयार झाली की संगणकावरील अँकीत `File`, मग `Import` करून ती निवडायची. पुढच्या पडद्यावर घाईने बटण दाबू नये, कारण सारी तपासणी येथेच होते. `Field separator` पुढे `Comma` हवे, `Notetype` पुढे `Basic` हवे. `Front` ला पहिला रकाना आणि `Back` ला दुसरा जोडलेला हवा. तेथेच फाइलचा नमुना दिसतो. त्यात दोनाहून अधिक रकाने दिसले तर कोठेतरी स्वल्पविराम मोकळा राहिला आहे असे समजावे, मागे फिरावे आणि ती ओळ नीट करावी. नंतर संगणकावर आणि मोबाइलवर एकाच खात्याने `Sync` केले की कार्डे मोबाइलमध्ये येतात.

आता वहीतल्या मजकुराकडे येऊ. तो जसाच्या तसा कार्डावर घालून भागत नाही. पुतणीच्या वहीत एक वाक्य होते: मूकनायक हे पाक्षिक बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केले, त्याला राजर्षी शाहू महाराजांनी आर्थिक साहाय्य केले आणि पांडुरंग भटकर हे संपादक होते. तिने प्रश्न लिहिला, ‘मूकनायकविषयी माहिती लिहा’, आणि सबंध वाक्य उत्तरात घातले. अशा कार्डाला बरोबर म्हणावे की चूक? तारीख आठवली आणि संपादक विसरला तर कोणते बटण दाबायचे? म्हणून त्या एका वाक्याची आम्ही तीन कार्डे केली. मूकनायक कोणत्या तारखेला सुरू झाले? त्याला साहाय्य कोणत्या राजांनी केले? सुरुवातीचे संपादक कोण? प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, आणि ते एका दमात सांगता येईल असे.

याद्यांच्या बाबतीत आणखी थोडा विचार लागतो. अनुच्छेद १५ मध्ये पाच कारणे आहेत. सरकारी नोकरीतील समान संधीविषयीच्या अनुच्छेद १६ च्या दुसऱ्या खंडात सात आहेत. दोन याद्या शेजारी पाठ केल्या की एकीची कारणे दुसरीत शिरतात, आणि परीक्षक नेमके तेच विचारतो. म्हणून दोन्ही याद्यांच्या कार्डांसोबत फरकावर बोट ठेवणारे एक कार्ड हवे:

```
अनुच्छेद 16(2) मध्ये अनुच्छेद 15 पेक्षा कोणती दोन कारणे जास्त आहेत?,"कूळ, निवास"
```

असे कार्ड करायला दोन्ही अनुच्छेद समोर ठेवून वाचावे लागतात. पुतणी म्हणाली की हे एक कार्ड लिहितानाच तिला दोन्ही अनुच्छेद नीट कळले. दुसऱ्याची तयार कार्डे उतरवून घेणाऱ्याला हा लाभ मिळत नाही.

फाइल जपून ठेवावी, ती नंतरही कामी येते. एखाद्या उत्तरात चूक आढळली तर मूळ तक्त्यात दुरुस्त करून फाइल पुन्हा आत घ्यावी. ऍप पहिल्या रकान्यावरून नोंद ओळखते. प्रश्नाचे शब्द तेच असतील तर जुन्या कार्डाचे उत्तर बदलते आणि त्या कार्डाची आतापर्यंतची उजळणी कायम राहते. प्रश्नातले अक्षर जरी बदलले तरी ऍप ते नवे कार्ड समजते आणि चुकीचे जुनेही तसेच राहते. पुतणीने अनुच्छेद १५ चे कार्ड असेच दुरुस्त केले; प्रश्नाला हात लावला नाही, फक्त उत्तराला अवतरणचिन्हे दिली.

शेवटी प्रमाणाची गोष्ट. ऍप मुळात रोज २० नवी कार्डे देते. नवे कार्ड त्या दिवशी संपत नाही, पुढे उजळणीला पुन्हा पुन्हा येते, म्हणून काही आठवड्यांत रोजची रास वाढते. पुतणीने पहिल्या आठवड्यात वीस ठेवली आणि तिसऱ्या आठवड्यात एसटीतला वेळ पुरेना. आता ती दहाच घेते आणि एकही दिवस चुकवत नाही. शिवाय कार्डाने अनुच्छेदाचा आकडा आणि शब्द ध्यानात राहतात, पण तो अनुच्छेद का आला हे कार्ड सांगत नाही. त्यासाठी संविधान सभेतील चर्चा आणि बाबासाहेबांचे लेखन वाचावेच लागते. म्हणून आमच्या विहारात रविवारी मुले कार्डे बाजूला ठेवतात आणि एका अनुच्छेदावर बोलतात. या रविवारी पंधरावा आहे, पाचही कारणांसह.

जयभीम!