एका वाक्याचे चार हात

१/ गेल्या वर्षी याच ठिकाणी मी वऱ्हाड आणि निजाम यांच्यावर एकोणीस नोंदींची एक मालिका लिहिली होती. तिच्यातले एक वाक्य असे होते: ‘निजामाने तैनाती फौजेचा खर्च थकवल्यामुळे १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांना देऊन टाकला.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते आणि इतिहासाच्या दृष्टीने दोन ठिकाणी चुकीचे. ते मी किमान दहा वेळा वाचले होते. तरीही चूक का दिसली नाही, आणि त्यानंतर मी स्वतःचा मसुदा कसा तपासू लागलो, हे आज सांगायचे आहे.

२/ आमचे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातले; सेवागिरी महाराजांचे साताऱ्याकडचे पुसेगाव वेगळे. आमच्या उत्तरेला पैनगंगा आहे. तिच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे वऱ्हाड. दोन्ही तीरांवर सोयरिकी आहेत, बोलीही फारशी बदलत नाही. मात्र जुने महसुली कागद, कायदे आणि शाळेत शिकवली जाणारी राज्यकर्त्यांची नावे जवळपास शंभर वर्षे वेगळी होती. ही रेघ १८५३ च्या तहामुळे उमटली, म्हणून तो विषय मला घरचा वाटत होता.

३/ मालिका प्रसिद्ध झाल्यावर सुट्टीत गावी गेलो आणि चुलत आजोबांना ती वाचून दाखवली. ते निवृत्त शिक्षक. सगळे शांतपणे ऐकून त्यांनी विचारले, “१८५३ ला देऊन टाकला म्हणतोस. मंग १९०२ ला पंचवीस लाखांनी ठोक्यानं काय दिलं? एकदा विकलेलं वावर परत ठोक्यानं देता येतं का रे बाळा?” माझ्याच मालिकेत, सात नोंदी पुढे, १९०२ च्या कायमच्या पट्ट्याचा उल्लेख होता. दोन्ही विधाने माझीच होती आणि ती एकमेकांना खोडत होती. हजारो लोकांनी वाचलेला मजकूर एका शेतकरी घरातल्या प्रश्नाने कोसळला.

४/ नंतर जुन्या मसुद्याच्या प्रती उघडून पाहिल्या. त्या वाक्यात मी सहा वेळा बदल केले होते. एकदा ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय जोडून लिहिले, एकदा ‘प्रांत’ शब्द घातला, एकदा लय साधावी म्हणून ‘देऊन टाकला’ असे केले. प्रत्येक वेळी मी वाक्याकडे वाक्य म्हणून पाहिले, विधान म्हणून नाही. सुबक झालेले वाक्य खरे वाटू लागते. शिवाय त्यावर श्रम खर्च झाल्यामुळे ते खोडवतही नाही. तेव्हापासून मी मसुद्यावरून चार वेगळे हात फिरवतो आणि त्यांचा क्रम बदलत नाही: आशय, मांडणी, सूर, व्याकरण. ते एकच वाक्य घेऊन चारही हात दाखवतो.

५/ पहिला हात आशयाचा. या फेरीत ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली तरी तिला हात लावायचा नाही. वहीत तीन रकाने आखायचे: विधान, आधार, काळ. एका ओळीत एकच विधान. असे केल्यावर माझ्या वाक्याची तीन विधाने झाली. फौज तैनाती होती. तिचा खर्च थकला. प्रांत देऊन टाकला. वाक्यात ही तिन्ही एकमेकांच्या आधाराने उभी होती. रकान्यात प्रत्येकाला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागले.

६/ पहिले विधान तिथेच पडले. तैनाती फौजेच्या खर्चापोटी निजामाने १८०० च्या तहातच कडप्पा, बल्लारीकडचे जिल्हे कंपनीला दिले होते. ज्या फौजेचा खर्च असा कायमचा भागला, तिची थकबाकी १८५३ मध्ये निघणार कशी? थकबाकी होती ती दुसऱ्या फौजेची. युद्धप्रसंगी ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ पुरवण्याची निजामाची त्या तहात जबाबदारी होती. तिच्यातून पुढे रेसिडेंट हेन्री रसेल यांच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची आणि निजामाच्या पैशावरची स्वतंत्र फौज वाढली. तीच हैदराबाद कंटिंजंट. तिचे एक ठाणे आमच्या हिंगोलीत होते. लहानपणापासून ऐकलेल्या छावणीचा संबंध मी स्वतःच्या लेखात चुकवला होता.

७/ दुसरे विधान टिकले: खर्च थकला होता. तिसरे आजोबांनी पाडलेच होते. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार आणि महसूल कंपनीकडे सोपवला गेला. महसुलातून कंटिंजंटचा खर्च भागवून उरेल ते निजामाला द्यायचे होते. १८६० च्या तहाने सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, रायचूर दुआब आणि धाराशिव हे भाग परत मिळाले, पण वऱ्हाडचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमचा पट्टा झाला. एवढे होऊनही १९३६ च्या करारात निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. मालकी नावापुरती उरली होती, पण होती.

८/ दुसरा हात मांडणीचा. आशय दुरुस्त झाल्यावर माझे वाक्य अवजड झाले: ‘तैनाती फौजेहून वेगळ्या असलेल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील कंटिंजंट फौजेचा खर्च थकल्यामुळे…’ वाक्य असे फुगले की दोष बहुधा त्या वाक्यात नसतो. वाचकाला आधी हवी असलेली गोष्ट आधी सांगितलेली नसते. मी प्रत्येक नोंदीचे सार एकेका चिठ्ठीवर एका ओळीत लिहिले आणि चिठ्ठ्या ओसरीवर मांडल्या. दोन फौजांमधला फरक अकराव्या चिठ्ठीवर होता आणि त्याची गरज चौथ्या चिठ्ठीला होती. तो वर आणला आणि वाक्यातला तो भार आपोआप उतरला. सात चिठ्ठ्यांवर तेच ते होते, त्या काढल्या. एकोणीसच्या बारा झाल्या.

९/ मांडणी बदलली की दोन गोष्टी हमखास मोडतात. पहिली म्हणजे सर्वनामे. इथे प्रत्येक नोंद सुटी वाचली जाते, त्यामुळे ‘त्याने हे मान्य केले’ अशी सुरुवात झाली तर तो कोण आणि हे काय, हे वाचकाला कळत नाही. दुसरी म्हणजे ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘परिणामी’ हे शब्द. जागा बदललेली नोंद जुने ‘त्यामुळे’ बरोबर घेऊन येते आणि भलत्याच घटनेला कारण ठरवते. इतिहासात ते केवळ जोडशब्द नसतात, ते कार्यकारणाचे दावे असतात. मी अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढतो आणि त्याच्या आधीची घटना खरोखर कारण आहे का, ते पाहतो. बारा नोंदींत असे नऊ शब्द होते. तीन खोटे निघाले.

१०/ तिसरा हात सुराचा, आणि तो मोठ्याने वाचूनच करावा लागतो. ‘खर्च थकवला’ असे म्हटले की दोष निजामाचा ठरतो. ‘प्रांत लुबाडला’ म्हटले की सगळा दोष कंपनीचा. ‘सोपवला गेला’ म्हटले की कोणाचाच नाही. असा कर्मणी प्रयोग निःपक्षपाती दिसतो, पण जबरदस्ती झाकतो. डलहौसीने मुलखाची मागणी आधीपासून लावून धरली होती आणि रेसिडेंट जॉन लो यांच्यामार्फत तह घडवला. एवढा आधार असल्याने ‘सोपवावा लागला’ असे लिहिता येते. त्यापेक्षा चढा सूर माझ्या आधारांना पेलत नव्हता.

११/ या फेरीत एक गोष्ट लक्षात आली. जिथे मी ‘निर्लज्ज’, ‘ऐतिहासिक’, ‘काळाकुट्ट’ अशी विशेषणे वापरली होती, तिथे वहीतला आधाराचा रकाना बहुतेक वेळा रिकामा होता. अशा जागी विशेषण काढून भागत नाही. ते विधान पुन्हा पहिल्या हाताकडे न्यावे लागते आणि आधार नसेल तर सोडून द्यावे लागते. चार फेऱ्या म्हणजे चार बंद खोल्या नव्हेत. मागे जाता येते. मात्र आशयाची दुरुस्ती सुराच्या फेरीत घाईघाईने उरकू नये. तशी उरकली की नवे वाक्य कोणत्याही तपासणीविना मजकुरात शिरते.

१२/ चौथा हात व्याकरणाचा. मजकूर छापून घेतो आणि शेवटच्या वाक्यापासून पहिल्याकडे वाचत येतो, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा वाहून जात नाही. एका वेळी एकच प्रकार पाहतो: आधी विशेषनामे, मग ऱ्हस्वदीर्घ, मग विरामचिन्हे. शब्दाचे सामान्यरूप होताना आपला डोळा सर्वांत जास्त फसतो. ‘महसूल’ बरोबर, पण ‘महसुलाचा’. ‘जमीन’ बरोबर, पण ‘जमिनीचा’. माझ्या मसुद्यात ‘महसूलाचा’ पाच वेळा होते. त्यांपैकी तीन मांडणीच्या फेरीत आधीच कापले गेले होते. व्याकरण शेवटी ठेवण्याचे एक कारण इतके साधे आहे: जी वाक्ये जाणार आहेत, त्यांची शुद्धी कशाला करायची?

१३/ शेवटी वाक्य असे उरले: ‘कंटिंजंटचा खर्च थकला आणि २१ मे १८५३ च्या तहाने निजाम नासिर-उद्-दौला यांना वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे सोपवावा लागला, सार्वभौमत्व मात्र त्यांच्याकडेच राहिले.’ पहिल्या वाक्यातली लय यात नाही. पण यातला प्रत्येक शब्द कुठून आला, ते मला सांगता येते.

१४/ या पद्धतीची मर्यादाही सांगतो. जे मला माहीतच नाही, ते यातली कोणतीही फेरी दाखवत नाही. ठोक्याने दिलेल्या वावराचा दाखला माझ्या वहीच्या रकान्यांतून निघाला नसता. म्हणून मांडणी पक्की झाल्यावर आणि सुराला हात घालण्यापूर्वी मी मजकूर आजोबांना वाचून दाखवतो. त्या टप्प्यावर तो अजून ओबडधोबड असतो, त्यामुळे तोडायला जीव तुटत नाही. दुरुस्त मालिका ऐकून ते म्हणाले, “आता हिशेब जुळला.” जुनी मालिका मी पुसलेली नाही. तिच्या चुकलेल्या नोंदीखाली दुरुस्ती तारखेसह जोडली आहे, कारण ते चुकीचे वाक्य माझ्या नावाने अजूनही लोकांच्या संग्रहात फिरते आहे.