लालसर म्हणजे किती लालसर?

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना रिसर्च शिकवताना ऑपरेशनल डेफिनिशनचं पान मी बरीच वर्षं उरकून टाकत असे. आधी शब्दकोशातला अर्थ, मग 'या अभ्यासात अमुक म्हणजे' असं सुरू होणारं वाक्य, पुढचा विषय. असं करण्यामागे माझं कारणही होतं. मुलींच्या हाताशी वॉर्ड पोस्टिंगचे मोजके आठवडे असतात. शिवाय फ्लेबायटिससारख्या विषयाला जगभर वापरली जाणारी स्केल तयारच आहे. ज्यांनी ती बनवली त्यांनी व्याख्याही केलीच आहे, मग आपण त्यावर आणखी काय लिहायचं? त्यापेक्षा सॅम्पल आणि टक्केवारी यांवर वेळ घालवलेला बरा, असं माझं पक्कं मत होतं. आज ते तसं राहिलेलं नाही. कसं बदललं ते एकाच प्रोजेक्टवरून सांगते.

विषय साधा होता. मेडिसिन वॉर्डात हाताला कॅन्युला लावलेल्या रुग्णांपैकी किती जणांना शिरेचा दाह होतो, आणि त्याचा संबंध कॅन्युला किती तास राहिली, कोणत्या मापाची होती, कोणती औषधं गेली यांच्याशी लागतो का, हे पाहायचं. मुलींनी व्हीआयपी स्कोअर निवडला. ही 0 ते 5 अशी स्केल आहे. जागा निरोगी असेल तर 0. किंचित दुखणं किंवा किंचित लाली, यांपैकी एकच असेल तर 1. दुखणं, लाली आणि सूज यांपैकी दोन असतील तर 2, आणि तिथे दाह सुरू झाला असं मानून कॅन्युला काढतात. पुढच्या पायऱ्यांवर शीर कडक लागणं, दोरीसारखी हाताला लागणं आणि शेवटी ताप. व्याख्येच्या रकान्यात मुलींनी लिहिलं, 'फ्लेबायटिस म्हणजे व्हीआयपी स्कोअर 2 किंवा त्याहून जास्त.' मी सही केली असती. वाक्यात खटकण्यासारखं काही नव्हतं.

प्रश्न उभा राहिला तो वॉर्डात. एका आजींच्या हाताजवळ दोघी मुली एकामागून एक गेल्या, एकमेकींचा कागद न बघता. पहिलीने 1 लिहिलं, दुसरीने 2. पहिलीने आजींना आधी विचारलं होतं, "आजी, सुईच्या जागी दुखतंय का?" आजी म्हणाल्या, "नाही गं बाई." दुसरीने आधी बोट ठेवून दाबलं आणि मग विचारलं, तेव्हा आजींनी हात आखडून घेतला. किंचित लाली दोघींनाही दिसली. म्हणजे पहिलीकडे एकच खूण होती, दुसरीकडे दोन. स्केलप्रमाणे दोघीही बरोबर होत्या. पण या एका आकड्याच्या फरकाने आजी एका कागदावर 'दाह नाही'मध्ये आणि दुसऱ्यावर 'दाह आहे'मध्ये गेल्या.

स्केल खुणांची नावं देते. दुखणं विचारायचं कधी, स्वस्थ असताना की दाबल्यावर की अँटिबायोटिक चालू असताना, हे आमच्या वॉर्डापुरतं तिने ठरवून दिलेलं नव्हतं. ते आम्हालाच ठरवायचं होतं. 'व्याख्या स्केलमध्येच आहे' हे माझं म्हणणं इथे गळून पडलं. मग स्केल बदलून पाहू असं एकीने सुचवलं. इन्फ्यूजन नर्सेस सोसायटीची 0 ते 4 ही दुसरी स्केल काढली, तर तिच्यात लालीशिवाय नुसतं दुखणं असेल तर 1 सुद्धा मिळत नाही, आणि व्हीआयपीत मिळतो. एकाच हाताला दोन स्केल वेगळे आकडे देतात. आमचं काम सोपं होणार नव्हतं, म्हणून व्हीआयपीच ठेवली आणि तिच्या एकेका शब्दाखाली वाक्यं लिहायला बसलो.

दुखण्याचं वाक्य लवकर झालं. इंजेक्शन चालू नसताना, हात न लावता एकाच शब्दांत विचारायचं, 'सुईच्या जागी आत्ता दुखतं का?' 'हो' आलं की खूण धरायची. दाबून पाहायचं ते फक्त सूज आणि कडकपणासाठी, आणि तेही नंतर.

लालीने मात्र आम्हाला दमवलं. पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे असतात. आमच्या वॉर्डातल्या शेतात राबलेल्या सावळ्या हातावर किंचित लाली म्हणजे काय, हे ट्यूबलाइटखाली उभं राहून कुणी छातीठोक सांगावं! तिथे कातडी लाल न दिसता नुसती अधिक गडद दिसू शकते. शेवटी असं लिहिलं: खिडकीच्या उजेडात किंवा टॉर्चने, दुसऱ्या हाताच्या त्याच जागेशी ताडून पाहायचं; रंगात फरक दिसला आणि बोटांच्या मागच्या बाजूने ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम लागली, तर लाली धरायची. ही आमची तोडगावजा व्याख्या आहे, मूळ स्केलची नाही, हे अहवालात स्पष्ट लिहायला लावलं. उष्णता जोडल्यामुळे काही सौम्य केसेस सुटू शकतात, हेही लिहायला लावलं.

त्यात आणखी एक अडचण होती, जी कॉलेजात बसून कधी सुचली नसती. पारदर्शक ड्रेसिंग सगळ्यांना मिळत नाही. बऱ्याच हातांवर पांढरी चिकटपट्टी आडवी-उभी मारलेली असते आणि नेमकी सुई आत शिरते ती जागाच झाकलेली. दिसत नाही म्हणून मुली 0 लिहून मोकळ्या होत होत्या. 'निरोगी जागा' आणि 'न दिसलेली जागा' एकाच आकड्यात बसत होत्या. म्हणून फॉर्ममध्ये 'जागा दिसत नाही' असा वेगळा रकाना आला, आणि वॉर्डातल्या सिस्टर पट्टी बदलतील तेव्हा पाहायचं असं ठरलं.

व्याख्या पक्की झाली हे कळायचं कसं? दोघींनी तेच हात वेगवेगळे पाहायचे आणि जुळणी काढायची. आधी मी नुसत्या टक्क्यांवर समाधान मानायचे. समजा 20 हात पाहिले. दोघीही 'दाह आहे' म्हणाल्या 3 वेळा, दोघीही 'नाही' म्हणाल्या 14 वेळा, आणि 3 वेळा मतभेद झाला: एकदा पहिलीला दाह दिसला, दोनदा दुसरीला. जुळणी 17, म्हणजे 85 टक्के. ऐकायला छान. पण बहुतेक हात निरोगीच असतात, तेव्हा डोळे मिटून 'नाही' लिहिलं तरी बरंच जुळणार. या आकड्यांत नुसत्या योगायोगानेच 65 टक्के जुळेल. तो वाटा वगळून कोहेनचा कप्पा काढला की 0.57 येतो, म्हणजे मध्यम. अशा वेळी स्केल बदलण्याआधी मतभेदाचे ते तीन हात उघडून बसावं. कुठल्या शब्दापाशी दोघी वेगळ्या झाल्या ते तिथे दिसतं, आणि त्या शब्दाखालचं वाक्य दुरुस्त करता येतं. 20 हातांवरचा कप्पा फार डळमळीत असतो, त्याला पुरावा म्हणून मिरवू नये. वाक्य कुठे फुटलंय हे दाखवायला मात्र तो पुरतो.

साधनांबद्दलचं माझं मतही याच ओघात बदललं. पूर्वी एका प्रोजेक्टला एक फॉर्म असायचा आणि मुली तो सगळा रुग्णाच्या तोंडून भरून आणायच्या. कॅन्युला कधी लावली? "काल रात्री. नाही, परवा. जेवण आलं होतं तेव्हा." यावरून तास काढले जायचे! आता प्रत्येक व्हेरिएबलपुढे मी एकच विचारते: ही गोष्ट नक्की कुणाला माहीत आहे? दुखणं रुग्णालाच माहीत, तिथे विचारायलाच हवं. कॅन्युलाचं माप तिच्या रंगावरून दिसतं, गुलाबी म्हणजे 20, निळी म्हणजे 22. त्यासाठी ना रुग्ण हवा, ना केसपेपर. मधुमेह आहे का, हे केसपेपरवरून घ्यायचं.

तासांचं काय? ती वेळ सुई लावणाऱ्याला माहीत असते, आणि त्याने लिहिली असेल तरच ती उरते. कॅज्युअल्टीतून आलेल्या रुग्णाच्या पट्टीवर अनेकदा तारीखही नसते. मग क्रम ठरवला: पट्टीवरची वेळ, ती नसेल तर नर्सिंग नोट्समधली, तीही नसेल तर पहिल्या इंजेक्शनची सही केलेली वेळ, आणि कुठून घेतली ते शेजारी लिहायचं. तिन्ही नसतील तर तो रुग्ण तासांच्या हिशेबातून बाहेर. काढण्याची वेळही अशीच. मुली सकाळी आणि संध्याकाळी बघणार, रात्री नाही. रात्री काढलेल्या कॅन्युलाचा शेवटचा स्कोअर संध्याकाळचाच राहतो, आणि काढल्यानंतर दुसऱ्या दिवशी उमटणारा दाह आमच्या व्याख्येत येतच नाही. तसं ठरवून लिहिलं.

औषधांच्या बाबतीत डॉक्टरांनी लिहिलेलं घ्यायचं की दिलेलं, यावर वाद झाला. शिरेला त्रास होतो तो आत गेलेल्या औषधाने. म्हणून ट्रीटमेंट शीटवर सिस्टरची सही असलेले डोसच मोजायचे, आणि 'त्रासदायक औषध' असं मोघम न लिहिता यादीच द्यायची: फेनिटॉइन, पोटॅशियम क्लोराइड, व्हॅन्कोमायसिन, 25 टक्के डेक्स्ट्रोज अशी. यादीत नाही ते या अभ्यासापुरतं त्रासदायक नाही.

एका मुलीला 'नर्सचं कौशल्य' हाही घटक घ्यायचा होता. तिचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. कुणाच्या हातची सुई चार दिवस टिकते आणि कुणाच्या हातची दुसऱ्या दिवशी सुजते हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते मोजायचं कशाने? नोकरीची वर्षं म्हणजे कौशल्य नव्हे. किती वेळा टोचलं ते कुठे लिहिलेलं नसतं, आणि सुई लावताना शेजारी वही घेऊन उभं राहिलं की हात वेगळाच चालतो. तो घटक आम्ही गाळला. माझ्या सहकारी मॅडमना ते अजून पटलेलं नाही. सगळ्यात महत्त्वाचं तेच सोडलंत, प्रोजेक्ट किरकोळ झाला, असं त्या म्हणतात. झालाय खरा.