निबंधाचे टिपण होताना

संशोधनपर लेखन म्हटले की निबंध, प्रबंध आणि संदर्भसूची आपल्या डोळ्यांपुढे येतात. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या पत्राचा विचार सहसा कोणी करीत नाही. मला मात्र एका पत्राने निबंधापेक्षा अधिक शिकवले. ते पत्र मी एका संशोधनपत्रिकेच्या संपादकांना लिहिले होते आणि त्यातील विनंती एवढीच होती की, आमचा लेख ‘पूर्ण शोधनिबंध’ म्हणून न धरता ‘लघुसंशोधन टिपण’ म्हणून विचारात घ्यावा.

मूळ निबंध मी आणि माझे धुळ्याचे एक सहकारी, असा दोघांनी मिळून लिहिला होता. विषय होता जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील बोलींची तुलना. सुमारे ६,८०० शब्द, पाच तक्ते आणि एकतीस व्यक्तींच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणे, असा त्याचा पसारा होता. जळगावकडील बोली एका बाजूस, धुळ्याकडील दुसऱ्या बाजूस, अशी मांडणी करून आम्ही त्यांतील भेद दाखवले होते. लेख आम्हाला भरदार वाटत होता.

परीक्षकांचा अभिप्राय दोन महिन्यांनी आला. त्यातील एका प्रश्नाने आमच्या मांडणीचा पायाच काढून घेतला. ‘जिल्हा हा बोलीचा घटक आहे, हे लेखकांनी कोठे सिद्ध केले आहे?’ असे एका परीक्षकाने विचारले होते.

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी खानदेशाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. ब्रिटिश अमदानीत खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये राज्यकारभाराच्या सोयीसाठी त्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव आणि पश्चिम खानदेशाचे धुळे. आजचे जळगाव आणि धुळे हे जिल्हे त्या वाटणीतून आले. पुढे १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. ही सीमा महसुलासाठी आखली गेली, बोलीसाठी नव्हे. जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, भुसावळ या भागांत लेवा बोली ऐकू येते, तर त्याच जिल्ह्यातील अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या तालुक्यांत धुळ्याप्रमाणेच अहिराणी बोलली जाते. आम्ही मात्र रावेर आणि अमळनेर एकाच ‘जळगाव’ या रकान्यात घातले होते. साहजिकच आमच्या तक्त्यांतील निम्मा भेद हा दोन जिल्ह्यांमधला नव्हता. तो जळगाव जिल्ह्याच्या पोटातलाच होता.

दुसरा आक्षेप मुद्रणांविषयी होता. काही मुद्रणे घरात, ओळखीच्या माणसांसमोर केलेली होती, तर काही आठवडे बाजारात, अनोळखी गर्दीत. परक्यासमोर माणूस प्रमाण भाषेकडे झुकतो. त्यामुळे ही दोन प्रकारची मुद्रणे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, असे परीक्षकांचे म्हणणे होते. ते रास्त होते.

मग आमच्या हाती काय उरले? आम्ही सर्व मुद्रणे पुन्हा ऐकली. एक गाव अमळनेर तालुक्यातले आणि एक धुळे तालुक्यातले, अशा दोन गावांतील प्रत्येकी सहा, म्हणजे बारा व्यक्तींची मुद्रणे सारख्या परिस्थितीत झाली होती. ती घरात, सायंकाळी, त्याच गावच्या माणसाने प्रश्न विचारून घेतलेली होती. त्या बाराही जणांच्या बोलण्यात प्रमाण मराठीतील ‘आहे’च्या जागी ‘शे’ हेच रूप नियमाने आले होते. जिल्ह्याची सीमा ओलांडल्याने त्यात फरक पडत नव्हता. पूर्वेकडील लेवा बोलीच्या मुद्रणांत मात्र ‘हाये’ ऐकू येत होते. पण ती बाजारातील असल्याने पुरावा म्हणून वापरता येत नव्हती. थोडक्यात, भेद दाखवायला निघालेल्या आमच्या निबंधात टिकाऊ असे निघाले ते एक साम्य.

येथे तुमच्या मनात येईल की, लेख छोटा झाला एवढेच. पत्रात तसे कळवून मोकळे व्हावे. माझा पहिला मसुदा याच समजुतीतून लिहिला गेला. त्यात मी म्हटले होते, ‘विस्तारभयास्तव निबंध संक्षिप्त केला असून तो लघुटिपण म्हणून स्वीकारावा.’ वाक्य सुबक आहे, पण खोटे आहे. विस्ताराचे भय आम्हाला कधीच नव्हते. आमचा दावाच लहान झाला होता. हा भेद संपादकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा असतो. पूर्ण निबंधाचा केवळ सारांश असलेला लेख टिपण म्हणून चालत नाही. कारण त्यात दावे सगळे असतात आणि पुरावा तेवढा गाळलेला असतो. टिपणात प्रश्न एक, पुरावा एका प्रकारचा आणि निष्कर्ष एक असतो; मात्र तेवढ्यापुरते ते स्वयंपूर्ण असावे लागते. आपला लेख यांपैकी कोणता, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. उरलेला निष्कर्ष पटण्यासाठी वाचकाला गाळलेल्या भागाची गरज पडत असेल, तर तो सारांश आहे. पडत नसेल, तर ते टिपण आहे.

दुसरा मसुदा दुसऱ्या टोकाला गेला. त्यात चुकांची कबुली आणि क्षमायाचना यांनी दीड पान भरले. सहकाऱ्यांनी तो वाचून दूरध्वनी केला. ते म्हणाले, “सर, संपादकांना आपला पश्चात्ताप नको आहे. काय काढलं आणि काय ठेवलं, ते त्यांना एका दृष्टिक्षेपात कळलं पाहिजे.” मग थोडे थांबून त्यांनी आपली अडचण सांगितली. त्यांची पदोन्नतीची मुलाखत जवळ आली होती. निवड समितीपुढे पूर्ण निबंध आणि टिपण यांचे वजन सारखे धरले जाईल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. मी म्हटले, “तसं असेल तर आपण थांबू.” दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला : ‘जे टिकत नाही ते माझ्या नावावर नको. पत्र पाठवा.’ त्यांची ही लेखी संमती मी जपून ठेवली. कारण लेखाचा प्रकार बदलणे हा एकट्या मुख्य लेखकाचा निर्णय नसतो.

अखेर पाठवलेले पत्र असे होते :

‘मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : लेखाचा प्रकार ‘पूर्ण शोधनिबंध’ऐवजी ‘लघुसंशोधन टिपण’ असा करण्याबाबत.

आपण कळवलेल्या परीक्षकांच्या अभिप्रायानुसार आम्ही लेखाचे पुनर्लेखन केले आहे. जिल्हा हा बोलीचा घटक मानता येत नाही, हा पहिल्या परीक्षकांचा आक्षेप आम्हाला मान्य आहे. त्यामुळे दोन जिल्ह्यांची तुलना, तिच्यावर आधारलेले चार तक्ते आणि एकोणीस व्यक्तींची मुद्रणे आम्ही मागे घेत आहोत. अमळनेर आणि धुळे तालुक्यांतील प्रत्येकी एका गावातील ‘शे’ या क्रियारूपाविषयीचे निरीक्षण तेवढे ठेवले आहे. ते बारा व्यक्तींच्या, समान परिस्थितीत घेतलेल्या मुद्रणांवर आधारलेले आहे. ‘शे’चे क्षेत्र पूर्वेकडे कोठे संपते, याविषयी या लेखात कोणताही दावा नाही.

लेख आता सुमारे २,३०० शब्दांचा असून त्यात एक तक्ता आहे. आपल्या नियमावलीतील टिपणाच्या मर्यादेत तो बसतो. शीर्षक, सारांश आणि बीजशब्द त्यानुसार बदलले आहेत. मागे घेतलेला भाग अन्यत्र प्रकाशनासाठी पाठवलेला नाही. या बदलास दोन्ही लेखकांची संमती आहे. परीक्षकांच्या प्रत्येक मुद्द्याचे उत्तर सोबत जोडले आहे.

लेख पूर्वीच्याच क्रमांकाखाली विचारात घ्यावयाचा की नव्याने सादर करावयाचा, हे कृपया कळवावे. टिपण म्हणून तो योग्य वाटत नसल्यास आपला निर्णय आम्हाला मान्य असेल.

कळावे,
आपला विश्वासू’

या पत्रातील काही जागांकडे तुमचे लक्ष वेधतो. कारण एका वाक्यात सांगितले आहे आणि ते खरे कारण आहे. काढलेल्या भागाचा हिशेब ठेवलेल्या भागाच्या आधी दिला आहे. कारण परीक्षक आपली आधीची टिपणे हातात धरून नवा लेख वाचतात आणि एखादा तक्ता दिसला नाही की तो लपवला असे त्यांना वाटू शकते. काढलेला भाग अन्यत्र पाठवलेला नाही, हेही स्पष्ट केले आहे. एकाच संशोधनाचे तुकडे करून अनेक लेख छापणे हा गैरप्रकार मानला जातो. लेख लहान करून मागणाऱ्याविषयी ही शंका संपादकाला आधी येते. शेवटी, विनंती ही विनंतीच ठेवली आहे. लेख कोणत्या प्रकारात बसतो, हे ठरवण्याचा अधिकार संपादकाचा असतो.

पत्र पाठवण्यापूर्वीच्या रात्री मी लेख अखेरचा वाचला, ते बरे झाले. दुसऱ्या पानावर ‘तक्ता क्रमांक चारमध्ये पाहिल्याप्रमाणे’ असे शब्द तसेच राहिले होते आणि तक्ता चार तर आम्ही काढून टाकला होता. संदर्भसूचीत सात ग्रंथ असे होते की ज्यांचा लेखात आता उल्लेखच नव्हता. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा १९०७ चा खंड मात्र राहिला. त्यात खानदेशीचा विचार भिल्ल बोलींबरोबर केलेला आहे आणि आमच्या प्रस्तावनेला त्या नोंदीची गरज होती. सर्वांत लाजिरवाणी चूक शीर्षकात होती. तेथे अजूनही ‘तुलनात्मक अभ्यास’ हे शब्द दिमाखात उभे होते. कात्री मजकुरावर चालते, पण शीर्षक आणि सारांश यांच्यात जुने दावे दडून राहतात.

संपादकांचे उत्तर तीन ओळींचे आले. क्रमांक तोच राहील, प्रकार बदलला आहे आणि लेख पहिल्या परीक्षकांकडे पुन्हा जाईल, असे त्यांनी कळवले. पुढे टिपण छापून आले. पत्रिकेच्या मागच्या पानांत त्याला चार पाने मिळाली. सहकाऱ्यांनी मुलाखतीत तेच पुढे ठेवले. समितीतील एका सदस्यांनी ‘एवढेच?’ असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, “हो. एवढंच सिद्ध झालं.”

त्या एकोणीस मुद्रणांची पेटी माझ्या कपाटात आहे. तिच्यावर मी गावांची नावे लिहिली आहेत. जिल्ह्यांची खोडून टाकली आहेत.