सारांश थोडा, निर्णय स्पष्ट

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने एम. ए.च्या अभ्यासासाठी बाबासाहेबांच्या 'द अनटचेबल्स' या १९४८ सालच्या ग्रंथाचे परीक्षण लिहिले व आम्हांस वाचावयास दिले. सुमारे बाराशे शब्दांपैकी नऊशे प्रकरणवार सारांशात खर्ची पडले होते. उरल्या जागेत गौरव होता आणि अखेरीस घाईने जोडलेले दोन दोष.

आम्ही त्यास प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने खूण करावयास सांगितले: ग्रंथात काय आहे हे सांगणारे वाक्य 'सा', त्याविषयी निर्णय देणारे 'नि'. 'युगप्रवर्तक ग्रंथ' यापुढे त्याने 'नि' लिहिले. आम्ही ते खोडले. कशामुळे युगप्रवर्तक, हे जोवर सांगितले नाही तोवर तो जयजयकारच. आपल्या समाजात ही सवय फार आहे. बाबासाहेबांनी स्वतः १९१८ साली बर्ट्रांड रसेलच्या ग्रंथाचे परीक्षण केले, तेव्हा भर दिला तो मालमत्तेविषयीच्या विवेचनावर, आणि तेथे मतभेद उघड मांडले.

मग सारांश आटोपला. ग्रंथाचा प्रश्न कोणता, उत्तर कोणते व ते कशाच्या आधारे, एवढेच ठेवले: पराभूत टोळ्यांतील विखुरलेली माणसे गावाबाहेर वसली, ती बौद्ध होती व गोमांस खात राहिली, म्हणून इसवी सन ४००च्या सुमारास अस्पृश्य ठरली, आयर्लंड व वेल्समधील तशाच वस्त्यांचे दाखले यास जोड देतात. दीडशे शब्दांत हे बसले. ज्या मुद्द्याची पुढे चिकित्सा नाही, तो सारांशातूनही गेला.

खरी अडचण निर्णयाची होती. मसुद्यात लिहिले होते, 'लेखकाने फाहियानच्या साक्षीकडे दुर्लक्ष केले.' हे अन्यायाचे होते. फाहियानने चांडाळ नगराबाहेर राहत असल्याचे नोंदविले आहे, आणि बाबासाहेब ती नोंद विचारात घेऊनच बाजूला ठेवतात. ब्राह्मणांना चांडाळांविषयी विशेष तिटकारा होता, म्हणून त्या एका जातीवरून सर्वत्र अस्पृश्यता होती असे ठरत नाही, हे त्यांचे कारण. वाक्य असे झाले: 'लेखक ही साक्ष नाकारण्याचे कारण देतात, परंतु नगराबाहेरचे वास्तव्य व स्पर्शाचा विटाळ यांतील भेद आणखी पुराव्याने दाखविला असता, तर कालनिर्णय अधिक भक्कम झाला असता.' येथे वाचकास ग्रंथ उघडून पडताळता येते.

दुसरा दोष 'पुरावा अपुरा' असा होता. पण तुटलेले दुवे अनुमानाने जोडावे लागतात, हे लेखकाने प्रस्तावनेतच सांगितले आहे. जे त्यांनी कबूल केले, ते आपण शोधून काढल्याच्या आविर्भावात लिहू नये. विचारावयाचे ते इतकेच की कोणते अनुमान किती पेलते. विद्यार्थ्याने गोमांसाच्या मुद्द्यास भक्कम म्हटले, विखुरलेली माणसे बौद्धच होती या दुव्यास कच्चे. दुसऱ्या निर्णयाशी आम्ही सहमत नाही. तरी त्याने त्या प्रकरणातील पानांचे आकडे दिले होते, म्हणून ते वाक्य आम्ही तसेच राहू दिले.