छेदातून गळालेले रुग्ण

रक्तदाबावर सोपं लिहा, आकडे कमी ठेवा, असा संपादकांचा निरोप आहे. आकड्यांशिवाय या विषयात बोलण्यासारखं फारसं काही नाही, तरी तीन-चार आकड्यांवर भागवतो. २०१७-१८ मध्ये देशभर असंसर्गजन्य आजारांची पाहणी झाली. १८ ते ६९ वयोगटातल्या ज्यांना उच्च रक्तदाब आढळला, अशी १००० माणसं घेतली तर त्यातल्या २७९ जणांना आपल्याला बीपी आहे हे ठाऊक होतं, १४५ जण औषधावर होते आणि १२६ जणांचा दाब आटोक्यात होता. हे वाचून सगळ्यांचं लक्ष ठाऊक नसलेल्या ७२१ जणांकडे जातं. मग शिबिरं भरतात, मंडपात पट्टे बांधले जातात, वर्तमानपत्रात फोटो येतात. माझं लक्ष मधल्या १३४ जणांवर खिळतं, ज्यांना ठाऊक आहे पण गोळी चालू नाही. त्यांना शोधायचं काम होऊन गेलेलं आहे. शिबिरातून आणखी माणसं सापडली आणि पुढची वाट अशीच राहिली, तर ती बरीचशी याच १३४ च्या रांगेत येऊन उभी राहतील.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पाहणीत दाब एकाच दिवशी मोजतात. त्या दिवशी वाढलेला दाब पुढच्या आठवड्यात आपसूक उतरलेला असू शकतो, म्हणूनच निदानासाठी साधारणपणे दुसऱ्या दिवशीचं मोजमाप लागतं. तेव्हा ७२१ मधले काही खरे रुग्ण नसतील. समजा त्यातले २०० वगळले, तर ठाऊक असलेल्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३५ वर जाईल. पण २७९ आणि १४५ यांच्यातलं अंतर त्यामुळे हलत नाही. या अंतरात कधीच औषध सुरू न केलेले आहेत, 'मीठ कमी करा' एवढ्या सल्ल्यावर घरी गेलेले आहेत आणि सुरू करून सोडलेलेही आहेत. पाहणी त्यांना वेगळं करत नाही.

आता दुसरा आकडा पाहा. औषधावरच्या १४५ पैकी १२६ आटोक्यात, म्हणजे सत्त्याऐंशी टक्के! उपचार इतके गुणकारी असतील तर चिंता कशाची? इथेच माझं आणि अनेक सहकाऱ्यांचं जुनं भांडण आहे. ज्यांनी गोळी सोडली ते 'औषधावर' या रकान्यातच नाहीत. राहिलेल्यांचा निकाल चांगलाच दिसणार. तीच गफलत केंद्राच्या नोंदवहीत होते. एक काल्पनिक उपकेंद्र घेऊ. नोंदलेले १०० रुग्ण, या तिमाहीत आलेले ६०, त्यातल्या ४० जणांचा दाब १४०/९० च्या खाली. आलेल्यांवर भागलं तर नियंत्रण ६७ टक्के, नोंदलेल्यांवर भागलं तर ४०. अंश एकच, छेद बदलला. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने, ज्यात आपल्याकडचे भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीलाच होते, नोंदलेले सगळे रुग्ण छेदात धरले आणि न आलेल्यांना तिसरा रकाना दिला. त्या उपक्रमातलं माझ्या मते सर्वांत मोलाचं काम हेच. अॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी, दाब न उतरल्यास पुढची ठरलेली पायरी, हे कोणीही तक्त्यावर लिहील.

न आलेला माणूस खासगी दुकानातून गोळी घेत असेल, असं म्हणतात. असेलही. म्हणून त्याला 'अनियंत्रित' म्हणू नये, पण आटोक्यातल्यांतही ढकलू नये. फोन करून किंवा आशाताईंना पाठवून विचारावं. दुसरं उत्तर ठरलेलं असतं: रुग्ण हलगर्जी आहेत. हे ऐकून मला आता कंटाळा येतो. काहीही दुखत नसताना, दर महिन्याला एका दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने तालुक्याला जाऊन रांग लावायची आणि गोळ्या संपल्या असं ऐकून परत यायचं, ही अट डॉक्टरांना घातली तर त्यांचाही रकाना भरेल. त्याच उपक्रमात मोठ्या रुग्णालयांपेक्षा गावाजवळच्या प्राथमिक केंद्रांत नियंत्रण जास्त दिसलं. केवळ स्वभावाचा प्रश्न असता तर जागेनुसार इतका फरक पडायला नको होता. पावलं सुजतात म्हणून अॅम्लोडिपिन सोडणारे असतात, मशीनवर १३० दिसलं म्हणजे बरा झालो असं समजणारेही असतात. पण त्यांच्याशी बोलायचं तर ते आले नाहीत हे आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं, आणि तेही महिन्याभरात.

त्यासाठी महिनाअखेरीस वहीतून चुकलेल्यांची यादी काढावी लागते. काम अर्ध्या दिवसाचं आहे. अडचण अशी की प्रामाणिक छेद धरला की जिल्ह्याचा आकडा ६७ वरून ४० वर येतो, आणि आढावा बैठकीत त्याचा जाब शेजारच्या जिल्ह्याला नव्हे, तो धरणाऱ्यालाच द्यावा लागतो.