टाकळा की कासविंदा? मोबाईलच्या उत्तराची पारख



पावसाचे पहिले चार सपके पडले की बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडीत जागेत टाकळा उगवतो. आमच्या मुंबईच्या कडेलाही तो उगवतो. मुलुंड आणि भांडुपच्या मधले नाहूर हे आता इमारतींचे गाव झाले असले, तरी रेल्वेच्या कडेच्या मोकळ्या जागेत आणि डोंगराकडच्या उतारावर जून-जुलैत टाकळ्याचे हिरवे गालिचे दिसतात. रानभाज्या विकणाऱ्या बायका त्याच्या कोवळ्या जुड्या बाजारात आणतात. त्यांना पानाकडे नुसते पाहिले तरी पुरते. पण घरातली नवी पिढी आता पान तोडण्याआधी मोबाईल काढते, फोटो घेते आणि त्यातले ॲप काय सांगते ते पाहते. हे ॲप उत्तर कसे काढते, त्यापुढचा टक्क्यांचा आकडा काय सांगतो आणि केव्हा त्याच्यावर विसंबू नये, एवढेच आज तुम्हाला सांगायचे आहे. टाकळ्याचेच उदाहरण घेऊ, कारण त्याला एक जवळचा भाऊबंद आहे आणि तो खाण्याजोगा नाही.

त्या भाऊबंदाचे नाव कासविंदा. काही ठिकाणी त्यालाच रानटाकळा म्हणतात, आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते. टाकळ्याचे शास्त्रीय नाव Senna tora आणि कासविंद्याचे Senna occidentalis. दोन्ही एकाच वंशातली, दोन्हींना पिवळी फुले, दोन्हींची पाने जोडीजोडीच्या पर्णिकांची. टाकळ्याची कोवळी पाने आपण शिजवून खातो. कासविंद्याच्या बिया मात्र विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनोर भागात लहान मुलांना अचानक उलट्या होऊन बेशुद्धी येई आणि त्यातली पुष्कळ दगावत. हा मेंदूचा कुठला तरी साथीचा ताप असावा असे वर्षानुवर्षे समजले जात होते. डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा ही मुले कासविंद्याच्या शेंगांतील बिया खात होती असे निघाले. ते निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. चाऱ्यात किंवा धान्यात या बिया मिसळल्या तर गुरांच्या स्नायूंनाही इजा होते. तेव्हा ‘दोन्ही सारखेच दिसतात’ म्हणून सोडून देण्यातले हे प्रकरण नव्हे.

आता ॲपचे काम कसे चालते ते पाहू. ॲपला झाड दिसत नाही, त्याला दिसतो तो फोटो. तो फोटो लहान करून त्याचे ठिपके केले जातात आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यांत लिहिला जातो. ज्यांची नावे आधीच माणसांनी लिहून ठेवली आहेत असे लाखो फोटो त्या यंत्राला पूर्वी दाखवलेले असतात. त्यातून कडा, शिरा, रंग, पर्णिकांची मांडणी यांचे साचे त्याच्यात तयार झालेले असतात. तुमचा फोटो आला की यादीतल्या प्रत्येक वनस्पतीशी तो किती जुळतो, याचे कच्चे गुण ते काढते. त्याला वास येत नाही, पानाचा खरखरीतपणा कळत नाही. तुम्ही फोटोत जे घेतले नाही, ते त्याच्या दृष्टीने नाहीच.

टक्क्यांची गोष्ट यानंतर येते. बहुतेक ॲपमध्ये हे कच्चे गुण शेवटी शंभरात वाटून टाकले जातात. ही वाटणी सरळ नसते. जो थोडा पुढे असतो त्याच्या पदरात बराच मोठा वाटा पडतो. नुसत्या दोन उमेदवारांचे उदाहरण घ्या. एकाला कच्चे 5 गुण आणि दुसऱ्याला 4 मिळाले, तर नेहमीच्या रीतीने वाटणी होते 73 आणि 27. गुण 5 आणि 3 असले तर होते 88 आणि 12. म्हणजे 88 टक्के वाचून आपल्याला वाटते की जवळजवळ खात्रीच झाली, पण मुळात फरक दोनच गुणांचा होता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ही निवडणूक फक्त उभ्या असलेल्या उमेदवारांमध्ये होते. तुमच्या बांधावरचे झाड त्या यादीतच नसेल, तरी शंभर टक्के मते कोणाला तरी वाटायचीच असतात. ‘यांपैकी कोणीच नाही’ असे सांगण्याची सोय पुष्कळ ॲपमध्ये नसते. म्हणून न पाहिलेल्या झाडालाही ते कधीकधी मोठ्या थाटात नाव देऊन टाकते. टक्के हे ‘यादीतल्या इतरांच्या मानाने हे किती जुळते’ याचे माप आहे. ‘हे खरे असण्याची शक्यता किती’ याचे माप ते असतेच असे नाही. 70 टक्के दाखवलेली शंभर उत्तरे तपासली आणि त्यातली सुमारे सत्तर बरोबर निघाली, तरच तो आकडा प्रामाणिक म्हणायचा. पुष्कळ वेळा ही यंत्रे स्वतःच्या मगदुरापेक्षा जास्त ठामपणे बोलतात.

आता प्रत्यक्ष उदाहरण. नाहूरला रेल्वेच्या बाजूच्या मोकळ्या जागेत जुलैमध्ये मी एका वीतभर रोपाचा फोटो वरून घेतला. आजूबाजूला गवत आणि आणखी दोन-तीन रोपे होती. आकडे लक्षात राहावेत म्हणून गोळाबेरीज करून सांगतो. टाकळा 45, कासविंदा 35, उरलेले 20 इतर पाच-सहा जणांत. हे उत्तर ‘टाकळा’ असे वाचायचे नाही. ‘दोघांपैकी कोण ते ठरत नाही’ असे वाचायचे. पहिल्या दोघांत एवढे थोडे अंतर असले की पहिले नाव विसरा आणि या दोघांत फरक कशाने पडतो ते शोधा.

तो फरक हातात झाड घेऊनच कळतो. टाकळ्याच्या वाढलेल्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीनच जोड्या असतात. पर्णिका देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद, गोलसर असते. कासविंद्यात जोड्या चार-पाच असतात आणि पर्णिकेचे टोक अणकुचीदार असते. मात्र कोवळ्या रोपाच्या पहिल्या पानांत जोड्या कमी असतात, म्हणून केवळ मोजणीवर जाऊ नका. खरी खूण ग्रंथीची. टाकळ्यात खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये, मधल्या काडीवर बारीक उभी ग्रंथी असते. कासविंद्यात ती पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी, खोडाजवळ, फुगीर ठिपक्यासारखी असते. टाकळ्याची शेंग बारीक, लांब आणि विळ्यासारखी वाकलेली, तर कासविंद्याची चपटी, तपकिरी आणि कडेला फिकट. वास दोघांचाही उग्र, कासविंद्याचा अधिक, पण वासावर निकाल देऊ नये.

वरून घेतलेल्या फोटोत ग्रंथी दिसणे शक्यच नव्हते. मग मी एक फांदी तोडली आणि मागे साधा कागद धरून तीन फोटो घेतले. एक अख्ख्या पानाचा, दुसरा देठाच्या बुडाचा जवळून, तिसरा पानाच्या मागच्या बाजूचा. प्लांटनेटसारख्या ॲपमध्ये एकाच झाडाचे असे निरनिराळे फोटो एकत्र देता येतात आणि कोणता भाग आहे तेही सांगता येते. या वेळी टाकळा 80 च्या घरात गेला आणि कासविंदा 10 च्या खाली आला. त्यावर माझा विश्वास बसला तो आकड्यामुळे नव्हे. डोळ्यांनी पाहिलेली ग्रंथी, बोथट पर्णिका आणि ॲपचे उत्तर हे तिघेही एकच बोलत होते, म्हणून बसला.

यावरून संशय केव्हा घ्यायचा ते तुमच्या लक्षात येईल. पहिल्या दोन नावांत अंतर थोडे असले तर घ्या. त्याच झाडाचा दुसरा फोटो घेतल्यावर नाव बदलले तर नक्की घ्या. रोप कोवळे असले, फूल-शेंग नसली, फोटोत दोन झाडे मिसळली असली, किंवा झाड रोगट, पिवळे पडलेले असले तर घ्या. ॲपने सांगितलेले झाड आपल्या मुलखात, आपल्या हंगामात कधी कोणी पाहिलेच नसेल तर घ्या. आणि एक नियम टक्क्यांच्याही वरचा आहे. यादीत खाली कुठेही विषारी झाडाचे नाव असेल, तर 90 टक्के आले तरी ते पान तोंडात घालू नये. दहात एक चूक तणाच्या नावात चालेल, घरच्या ताटात चालणार नाही.

मराठी नावावरही भिस्त ठेवू नका. ‘रानटाकळा’ हे नाव एका तालुक्यात एकाला आणि दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्यालाच असते, आणि ॲपमधली मराठी नावे अशीच कोणीतरी भरलेली असतात. शास्त्रीय नाव वाचा आणि वहीत तेच लिहून ठेवा.

ॲप किती भरवशाचे ते तुम्ही घरीच तपासू शकता. तुम्हाला पक्की ओळखता येतात अशी वीस झाडे घ्या. त्यात माठ, कुर्डू, आघाडा, धोतरा, गाजरगवत असे सगळे येऊ द्या. प्रत्येकाचा फोटो घेऊन वहीत तीन रकाने करा. ॲपचे नाव, टक्के, आणि बरोबर की चूक. ॲपने 80 च्या वर आकडा देऊन किती ठिकाणी चूक केली ते मोजा. तुमच्या रानात त्याचा शब्द किती वजनाचा, ते त्या वहीत दिसेल.

तरीही शंका राहिली तर झाड मुळासकट उपटा, फूल आणि शेंग असल्यास तीही घ्या, आणि वर्तमानपत्रात दाबून ठेवा. कृषी सहायकाकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे. तिथे वाळवून जपलेले असे हजारो नमुने आहेत आणि जाणकार त्यांच्याशी ताडून झाडाचे नाव ठरवतात.

मुलाने अनोळखी शेंगा खाल्ल्या असतील, तर फोटो काढत बसू नका. त्याला तडक दवाखान्यात न्या आणि त्या झाडाची शेंगेसह फांदी बरोबर घ्या. मुलाला बरे वाटत असले तरी थांबू नका, कारण त्रास काही तासांनंतरही सुरू होतो.