‘भरधाव’ हा शब्द मी कसा लिहिला?

मंडळी, पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण हंगाम सुरू व्हायच्या आत वाचा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव आणि नाव लिहीत नाही, घरच्यांना त्रास नको. राज्य मार्गावर रात्री साडेआठच्या सुमारास तेवीस वर्षांचा एक मुलगा बाईकवरून येत होता. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर टायर फुटल्याने रस्त्यातच उभा होता. बाईक मागून आदळली आणि मुलगा गेला. मी पोलीस ठाण्यातून फोनवर माहिती घेतली आणि दहा मिनिटांत बातमी पाठवली : ‘भरधाव दुचाकी ट्रॉलीवर आदळून तरुण ठार’. अशा बातम्या मी वीस वर्षांत शेकड्याने लिहिल्यात. झोपेत सांगितलं तरी लिहीन.

आठवड्याने त्याचे वडील ऑफिसात आले. कात्रण घडी करून खिशात ठेवलेलं. म्हणाले, “सायेब, भरधाव कसं लिवलं? तुमी होता का तितं?”

मी नव्हतो. मी म्हणालो, “काका, पोलिसांनी तसं सांगितलं.” ते काही बोलले नाहीत, कात्रण परत खिशात घालून गेले. पोलिसांच्या कागदात तर गुन्हा त्या मुलावरच होता. ‘हयगयीने व अविचाराने वाहन चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत.’ ही भाषा आपल्याकडे इतकी पाठ झालीय की मेलेला माणूसच आरोपी होतो आणि फाईल बंद होते.

पुढे रस्ता सुरक्षा अभियानाच्या एका कार्यशाळेत एका डॉक्टरांनी फळ्यावर तक्ता काढला. हॅडन मॅट्रिक्स. विल्यम हॅडन हा अमेरिकन, आधी इंजिनिअरिंग शिकलेला आणि मग डॉक्टर झालेला माणूस. १९६६ मध्ये तिथल्या सरकारने महामार्ग सुरक्षेची नवी यंत्रणा उभी केली, तिचा तो पहिला प्रमुख. त्याचं म्हणणं साधं होतं. माणसाला इजा करते ती धडकेतली ऊर्जा, त्यामुळे चूक कोणाची याच्या आधी हे विचारा की ती ऊर्जा कुठे कुठे अडवता आली असती. त्यासाठी तीन ओळी : धडकेआधी, धडकेच्या क्षणी, धडकेनंतर. आणि चार रकाने : माणूस, वाहन, रस्ता, आणि समाज-कायदा. झाले बारा चौकोन. माझ्या बातमीने त्यातला एकच भरला होता, पहिल्या ओळीतला पहिला.

घरी येऊन मी तो तक्ता त्या अपघातासाठी भरायला बसलो.

वेगापासून सुरुवात केली, कारण काकांचा प्रश्न तोच होता. मुलाचा वेग मला माहीत नाही. साठ धरू, त्या रस्त्यावर सगळेच तेवढ्याने जातात. समोरून गाडी येतेय म्हणून लाईट डिप्परवर. डिप्परमध्ये धुळीने माखलेली, दिवा नसलेली ट्रॉली साधारण तीस मीटरवर दिसते. दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद जातो, आणि साठच्या वेगाला तेवढ्यात पंचवीस मीटर संपतात. उरले पाच. म्हणजे कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक असूनही तो पन्नासच्या वरच्याच वेगाने आदळणार. हाच हिशोब पन्नासने केला तर धडक तेहतीसच्या आसपास होते. चाळीसने केला तर गाडी ट्रॉलीच्या अलीकडे जेमतेम थांबते. मी तीनदा तपासला. पन्नासच्या वरची धडक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणं, तेहतीसची म्हणजे पहिल्या.

आता वाहनाचा रकाना. तीच ट्रॉली शंभर मीटरवरून दिसली असती तर साठचा वेगही चालला असता. रिफ्लेक्टर होते का? होते! हंगामाच्या सुरुवातीला लावले होते, त्या कार्यक्रमाचा फोटो मीच छापला होता. पण रिफ्लेक्टर लावला आणि काम झालं असं नसतं. दोन आठवड्यांत त्यावर चिखल बसतो आणि वरून उसाची वाढी लोंबतात. चालतोय की नाही हे कळायला रात्री बाईक पन्नास मीटर मागे लावून डिप्पर मारावा. चमकला नाही तर तो नाहीच. ऊस भरल्यावर मागे टांगायचं रिफ्लेक्टरचं कापडी फडकं जास्त उपयोगी, कारण ते उसाच्या वर येतं.

रस्त्याच्या रकान्यात खडीची, खचलेली साईडपट्टी आली. भरलेला ट्रॅक्टर खाली उतरवला तर कलंडेल, म्हणून चालक रस्त्यावरच थांबला. त्याला शिव्या घालणं सोपं आहे. त्याने चाकांमागे दगड लावले आणि इशारा म्हणून मागे दोन दगड ठेवले. दगड रात्री कोणाला दिसतात? ट्रॅक्टर गेल्यावर तेच दगड रस्त्यात राहतात, ते वेगळंच. आणि चौथ्या रकान्यात खेपेवर मिळणारा पैसा. जास्त भरा, रात्री चालवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून कलम १९८-अ आहे. रस्त्याचं डिझाईन, बांधकाम, देखभाल ठरलेल्या मापदंडाप्रमाणे नसेल आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. आमच्या तालुक्यात हे कलम लागलेलं मी पाहिलेलं नाही.

धडकेच्या क्षणाची ओळ छोटी आहे. ट्रॉलीची मागची लोखंडी कड बरोबर छाती-डोक्याच्या उंचीवर. मागे आडवा बार असता तर कार आत घुसण्यापासून वाचते, बाईकवाल्याला त्याचा फारसा फायदा नाही. त्याला हेल्मेट. ते हँडलला अडकवलेलं होतं. पन्नासच्या वर लोखंडावर आदळल्यावर हेल्मेटने वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. तेहतीसला बरीच आशा होती. चौकोन असे एकमेकांत अडकलेले असतात, हे तक्त्यात दिसत नाही. कुठला चौकोन जास्त वजनाचा हेही तक्ता सांगत नाही, ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

तिसरी ओळ लिहिताना माझा हात थांबला. मुलगा लगेच गेला नव्हता. थांबलेल्या लोकांनी बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं. हेतू चांगलाच, पण ते पाणी श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन केला, तर नेमकी जागा सांगता येईना. शेवटी हातपाय धरून पिकअपमध्ये टाकला. मान आधाराशिवाय लटकत होती. जवळच्या सरकारी दवाखान्यात डोक्याच्या स्कॅनची सोय नाही, तिथून पुढे पाठवलं. सव्वादोन तास गेले. वाहत्या रक्तावर कापड दाबून धरणं, मान न हलू देता एका कुशीवर वळवणं, एवढंही कोणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. एकजण तर पोलिसांच्या भीतीने निघून गेला. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही आणि २०१९ पासून ते कायद्यातही आहे. हे आम्ही किती वेळा छापलं? विचारू नका.

भरलेला तक्ता घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळे चौकोन वाचले. हेल्मेटच्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, “ही आमची चूक.” मग बाकीच्यांवर बोट फिरवत, “ह्या कुणाच्या?”

त्या दिवसापासून पोलिसांनी वेग मोजलेला नसेल तर मी ‘भरधाव’ लिहीत नाही. ट्रॉलीला दिवा होता का, साईडपट्टी कशी होती, दवाखान्यात किती वेळाने पोचले, हे विचारतो. कधी उत्तर मिळतं, कधी फोन ठेवतात.

कारखाने पंधरा दिवसांत सुरू होतील. रात्री रस्त्यात अंधारात उभी ट्रॉली दिसली तर आधी ११२ ला कळवा आणि मग मला. सोबत जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा द्या, म्हणजे जागा सापडते. आणि ट्रॅक्टर हलल्यावर मागे राहिलेले दगड दिसले, तर गाडी नीट बाजूला घेऊन तेवढे उचला.